तिचा एक पोर्ट, माझे शंभर

परळच्या ज्या हॉस्पिटलात मी नोकरी करते तिथे बेसमेंटमध्ये तीन मोठे चिलर आहेत. ते पाणी थंड करतात, ते पाणी वर ऑपरेशन थिएटरांपर्यंत जातं आणि तिथली हवा हवी तितकी गार आणि कोरडी ठेवतं. चिलर एका कंपनीचे, पंप दुसरीचे, हवेची यंत्रं तिसरीची. या सगळ्यांचे आकडे पाचव्या मजल्यावरच्या आमच्या कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दिसायला हवेत, आणि ते दिसायला लावणं हे माझं काम.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी आपापले आकडे कॉम्प्युटरला एकाच भाषेत सांगावेत म्हणून ओपीसी नावाचं एक मानक आहे. आमच्याकडे त्याची जुनी आवृत्ती होती, जिला आता सगळे क्लासिक म्हणतात. ती विंडोजच्या डीकॉम नावाच्या सोयीवर उभी असते. एका मशीनवरचा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवरच्या प्रोग्रामला हाक मारतो, ती हाक डीकॉम पोचवतं. हे सगळं ऐकायला सोपं आहे. लावायला बसलं की रडू येतं. दोन्ही मशीनवर एकाच नावाचा युजर हवा, पासवर्डही तोच हवा, परवानग्यांच्या सहा-सात खिडक्या नीट भरायला हव्यात, आणि एक टिक चुकली तर पडद्यावर नुसता एक आकड्यांचा एरर येतो, ज्याचा अर्थ कुणालाच धड माहीत नसतो.

मला माहीत होता. सतरा वर्षं मी ते डीकॉम चालवत होते. कधी बंद पडलं की घरी घोडपदेवला फोन यायचा, आणि मी भाजीवरचं झाकण तसंच ठेवून फोनवरून सांगायची, "ती तिसरी खिडकी उघडा, त्यात एव्हरीवन लिहिलंय का बघा." आमचे चीफ इंजिनिअर साहेब बाहेरच्या पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "या आहेत म्हणून हे चालतं." ते वाक्य मला फार आवडायचं. इतकं, की ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून हे कधीच पूर्ण सुधारू नये असं मला वाटत असावं. तेव्हा हे कळत नव्हतं. आता लिहिताना कळतंय.

पहिला धक्का फायरवॉलने दिला. दुसऱ्या कुठल्याशा हॉस्पिटलाचं नेटवर्क व्हायरसने बंद पाडल्याची बातमी आली आणि आमच्या आयटी विभागात सुरक्षेसाठी एक नवा अधिकारी नेमला गेला. तिशीतला, शांत, हातात कायम स्टीलची पाण्याची बाटली. त्याने ठरवलं, की यंत्रांचं नेटवर्क आणि बाकी हॉस्पिटलचं नेटवर्क यांच्यामध्ये फायरवॉल बसवायची, म्हणजे ठरलेल्या पोर्टांनीच, नंबर असलेल्या दारांनीच, संदेश आत-बाहेर जातील. तो माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, तुमचं ओपीसी कुठला पोर्ट वापरतं? तेवढा उघडा ठेवतो, बाकी बंद."

"एकशे पस्तीस," मी म्हटलं.

"बस? एकच?"

"तिथून सुरुवात होते. तिथे विचारलं की विंडोज सांगतं, पुढचं बोलणं अमुक पोर्टवर करा."

"अमुक म्हणजे कुठला?"

"ते दर वेळी बदलतं. एकोणपन्नास हजारांच्या पुढे, पासष्ट हजारांपर्यंत कुठलाही."

त्याने पेन खाली ठेवलं. मी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण लपवून उपयोग नव्हता. चिलरचा एखादा आकडा बदलला की खालचं, बेसमेंटमधलं मशीन स्वतः वरच्या, कंट्रोल रूममधल्या मशीनला उलट हाक मारतं. म्हणजे वरून खाली आणि खालून वर, दोन्ही दिशांनी दार उघडं हवं.

"मॅडम," तो म्हणाला, "याला फायरवॉल नाही म्हणत. याला दार नसलेली चौकट म्हणतात."

मी आठवडाभर बसून सेटिंगमध्ये तो आवाका कमी करून शंभर पोर्टांवर आणला. त्याने ते शंभर पोर्ट दोन्ही दिशांनी उघडले, पण उघडताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला विसरता आलं नाही. मी सतरा वर्षं जे कसब म्हणून मिरवत होते, ते त्याला भिंतीतलं भगदाड वाटत होतं.

मग विंडोजचे अपडेट आले. डीकॉम बाहेरून फोडता येतं हे जगाला कळलं होतं, म्हणून ते टप्प्याटप्प्याने कडक करायला घेतलं होतं. आता हाक मारणाऱ्याने आपली ओळख नीट पटवायची, आणि वाटेत कुणी संदेशात फेरफार केला नाही याची खूणही प्रत्येक हाकेबरोबर द्यायची. आमचं बेसमेंटमधलं मशीन आदल्याच वर्षी बदललेलं, नवं, म्हणून त्यावर अपडेट यायचे. कंट्रोल रूममधलं मशीन मात्र इतकं जुनं होतं की त्याला अपडेट मिळणं केव्हाच थांबलं होतं, आणि त्यावरचं आमचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नव्हतं. ते जुन्याच पद्धतीने, ढिल्या ओळखीवर हाक मारायचं.

पहिल्यांदा ही कडक शिस्त लागू झाली तेव्हा पडदा मेला. मी दोन तासांत विंडोजच्या रजिस्ट्रीमधली, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगच्या वहीतली, एक नोंद शोधली, जिच्यामुळे ती शिस्त तात्पुरती बंद ठेवता येत होती. पडदा परत आला. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. ती नोंद जिथे सापडली त्या विंडोजच्या माहितीपानावर पुढे लिहिलं होतं, की ही सोय पुढच्या टप्प्यात काढून घेतली जाईल. मी ते वाचलं होतं. कुणाला सांगितलं नाही.

पुढचा टप्पा काही महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी आला. मी लालबागमधून, मिरच्या-मसाल्याच्या दुकानांसमोरून चालत कामावर पोचले, तर कंट्रोल रूममधले ऑपरेटर काका दारातच उभे. ते लालबागचेच, मूळचे मालवणकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली.

"बाय, ह्या काय झाला गो? सगळीकडे प्रश्नचिन्हां दिसतत."

मी रजिस्ट्रीतली नोंद बघितली. ती जागेवर होती. तिला आता कुणी जुमानत नव्हतं. बेसमेंटच्या मशीनच्या नोंदवहीत ओळींमागून ओळी होत्या, सगळ्यांचा अर्थ एकच: हाक मारणाऱ्याची ओळख अपुरी, नकार. चिलर आपापल्या कंट्रोलरवर व्यवस्थित चालत होते, रुग्णांना कसलाही धोका नव्हता, पण आम्ही आंधळे झालो होतो. काका आणि त्यांचे दोन सहकारी दर तासाला बेसमेंटपासून थिएटरांच्या मजल्यापर्यंत फिरून हाताने आकडे लिहायला लागले.

मी आयटीच्या त्या अधिकाऱ्याला म्हटलं, अपडेट काढून टाक.

"नाही काढणार," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही. "मॅडम, ते अपडेट बरोबर आहे. चुकीचं आपलं आहे."

दोन दिवस मी झगडले. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "बाहेरून कुणाला तरी बोलवू या." आणि शुक्रवारी, एका कंपनीच्या वतीने, कंट्रोल रूमच्या दारातून जी आत आली ती माझी मैत्रीण होती.

आम्ही दोघी एकाच तंत्रनिकेतनात, एकाच बाकावर. ती गिरगावची, खोताच्या वाडीला लागूनच तिचं घर, वडील बँकेत. मी घोडपदेवच्या चाळीतली, बाबा गिरणीतून लवकर घरी बसलेले. मी अभ्यास करायची, ती समजून घ्यायची. परीक्षेत मार्क जवळजवळ सारखे, पण व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक तिच्याशी गप्पा मारायचे आणि मला प्रश्न विचारायचे. तिने पुढे डिग्री केली, जर्मनीत दोन वर्षं राहून आली. मी नोकरीला लागले. वर्षातून एक-दोनदा दादरला भेटायचो, फूलबाजाराजवळच्या एका हॉटेलात थालीपीठ खायचो, ती जगाच्या गोष्टी सांगायची. मी घरी येताना दर वेळी थोडी गप्प असायची.

"अगं तू!" ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली. "मला माहीतच नव्हतं हे तुझं आहे."

हे तुझं आहे. तिने ते प्रेमानेच म्हटलं. मला ते प्रश्नचिन्हांनी भरलेल्या पडद्याकडे बघून म्हटल्यासारखं लागलं.

साहेबांच्या केबिनमध्ये ती बोलायला लागली आणि साहेब पुढे वाकून ऐकायला लागले. माझ्याशी बोलताना ते कधी पुढे वाकत नसत.

"क्लासिक ओपीसी वाईट नव्हतं," ती म्हणाली. "ते आलं तेव्हा कारखान्यातली मशीनं एका खोलीत, एका वायरवर असायची. बाहेरचं कुणी आत येईल हा विचारच नव्हता. आणि सगळीकडे विंडोज. आता तसं राहिलं नाही. म्हणून नवं मानक आलं, यूए. ते डीकॉमवर उभं नाही. त्यामुळे विंडोजच हवं असं नाही, थेट कंट्रोलरच्या आतसुद्धा चालतं. आणि सुरक्षा मागून चिकटवलेली नाही, मानकातच धरलेली आहे."

"आणि पोर्ट?" आयटीवाल्याने विचारलं.

"एक. साधारणपणे चार हजार आठशे चाळीस. हवा तर बदला."

"उलटी हाक?"

"नाही. कंट्रोल रूमचं मशीन खालच्या मशीनशी एकदा जोडून घेतं. आकडे बदलले की ते त्याच जोडणीवरून परत येतात. तुम्ही नियम एकच लिहायचा, एका दिशेचा. एकशे पस्तीस आणि बाकीचे सगळे बंद करा."

आयटीवाला बाटलीतलं पाणी प्यायला आणि हसला. तीन वर्षांत मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. मी शंभर पोर्टांसाठी आठवडा घालवला होता. तिने एक शब्द उच्चारला होता.

जुना ओपीसी सर्व्हर चिलरच्या कंपनीचा होता, तो लगेच बदलता येणार नव्हता. तिने त्याच बेसमेंटच्या मशीनवर एक गेटवे बसवला. तो जुन्या सर्व्हरशी त्याच मशीनच्या आत जुन्या भाषेत बोलणार, आणि बाहेर नेटवर्कवर फक्त नव्या भाषेत. डीकॉम मशीनच्या बाहेर पाऊल टाकणारच नाही, म्हणून त्या कडक शिस्तीचा प्रश्नही नाही. वर कंट्रोल रूमला नवं मशीन, नवं सॉफ्टवेअर. मी तिच्या खांद्यामागून बघत होते आणि चूक शोधत होते. इतकं साधं कसं असेल? पण होतं.

पुढच्या बुधवारी जोडायला घेतलं, आणि जोडलं जाईना.

यूएमध्ये प्रत्येक प्रोग्रामकडे आपलं एक प्रमाणपत्र असतं. पहिल्यांदा अनोळखी प्रमाणपत्र आलं की ते नाकारलेल्यांच्या फोल्डरमध्ये पडतं. माणसाने ते उघडून, खात्री करून, विश्वासाच्या यादीत टाकायचं. दोन्ही बाजूंनी. तिने ते केलं. तरी वरचं मशीन खालच्याचं प्रमाणपत्र मान्य करेना. कारण दाखवत होतं: या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही.

"घड्याळ," ती म्हणाली आणि बेसमेंटमध्ये गेली. मीही गेले. खालच्या पडद्यावर साडेअकरा. तिच्या मनगटावर साडेअकरा. भिंतीवरही साडेअकरा. ती कपाळाला हात लावून उभी राहिली. साहेब जिन्यात उभे होते.

मला उत्तर माहीत होतं. ते मशीन बसवलं तेव्हा घड्याळाचा कालविभाग निवडायचा राहिला होता. ते मशीन स्वतःला अमेरिकेत समजत होतं, आणि कुणीतरी वर दिसणारी वेळ हाताने मुंबईची करून ठेवली होती. माणसाच्या डोळ्याला वेळ बरोबर, पण प्रमाणपत्र जगाच्या एकाच प्रमाणवेळेत लिहिलं जातं, आणि ती वेळ मशीनने अमेरिकेतून मोजली होती. म्हणून त्याच सकाळी तयार झालेल्या प्रमाणपत्राचा जन्म बारा-तेरा तास पुढचा पडला होता.

खरं सांगते, मी पाच मिनिटं बोलले नाही. ती इकडे क्लिक करत होती, तिकडे करत होती, आणि मला ते बघायला बरं वाटत होतं. मग काका वही घेऊन जिना उतरून आले. त्या सकाळच्या चौथ्या का पाचव्या फेरीला असतील. गुडघ्यावर हात ठेवून थांबले.

"टाइम झोन बघ," मी म्हटलं.

तिने बघितला. माझ्याकडे वळली. "बाई, तू ग्रेट आहेस. मी संध्याकाळपर्यंत इथेच बसले असते." विभाग बदलला, वेळ लावली, नवं प्रमाणपत्र तयार केलं, दोन्हीकडे मान्य केलं. वर पडद्यावर आकडे आले. चिलर एकचं पाणी सात अंश. काका म्हणाले, "इला!" आणि सगळे हसले.

मीही हसले. तिने मला ग्रेट म्हटलं ते साहेबांनी ऐकलं होतं. त्या रात्री मला छान झोप लागली.

दहा दिवसांनी अहवाल आला. अकरा पानं, रंगीत आकृत्या. सातव्या पानावर एक ओळ: 'कालविभागातील त्रुटी आढळली व दुरुस्त करण्यात आली.' करण्यात आली. कुणी केली? आणि त्याआधी चौथ्या पानावर, 'पूर्वीच्या रचनेतील धोके' या शीर्षकाखाली, माझी सतरा वर्षं: सर्वांना पूर्ण परवानगी, दोन्ही मशीनवर एकच पासवर्ड, ओळख पटवण्याची पातळी शून्य, शंभर पोर्ट दोन्ही दिशांनी उघडे. सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा असता तर मला बरं वाटलं असतं.

साहेबांनी तो अहवाल विश्वस्तांना दाखवला. परतल्यावर म्हणाले, "तुमची मैत्रीण हुशार आहे हो." तुमची मैत्रीण. म्हणजे माझी ओळख आता ती.

त्यानंतर मी यूए शिकायला लागले. रोज जेवणाचा डबा टेबलावर, समोर पडदा. हे मी कामाच्या ओढीने केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी तिची चूक शोधत होते. एका चाचणीच्या फुकट प्रोग्रामने मी खालच्या गेटवेला विचारलं, तुझ्याकडे यायच्या वाटा कुठल्या? त्याने यादी दिली. एक वाट, संदेशावर सही असलेली. दुसरी, सही आणि कुलूप दोन्ही असलेली, जी आम्ही वापरत होतो. आणि तिसरी, सुरक्षा शून्य.

मी तिसरीने गेले. ना प्रमाणपत्र, ना नाव, ना पासवर्ड. आत शिरले. चिलरच्या पाण्याचं तापमान किती ठेवायचं तो आकडा माझ्यासमोर, आणि त्याच्याशेजारी लिहिण्याची परवानगी. मी हात लावला नाही. पण लावता आला असता, आणि कंट्रोल रूमच्या नेटवर्कवरून कुणालाही लावता आला असता.

मला लगेच कळलं हे कसं झालं असणार. जोडलं जात नव्हतं त्या बुधवारी, वायर तरी ठीक आहे का हे बघायला तिने ती वाट उघडली असणार. मग टाइम झोन सापडला, सगळे हसले, आणि ती बंद करायची राहिली. नवं मानक म्हणजे आपोआप सुरक्षित, असं नसतं. दार मजबूत मिळतं, कडी माणसानेच लावायची असते.

मला आनंद झाला होता. तिला फोन करायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी मेल लिहिला. चार परिच्छेद, स्क्रीनचे फोटो, अतिशय सभ्य भाषा. साहेबांना, आयटीच्या अधिकाऱ्याला, आणि तिच्या कंपनीच्या प्रमुखांना. तिचं नाव प्रतीच्या यादीत शेवटी. दुपारी चार वाजता पाठवला.

दुसऱ्या दिवशी दहाला ती हजर. मिठी नाही. खाली गेली, ती वाट बंद केली, नाव-पासवर्डाशिवाय कुणी येणार नाही असं केलं, कंट्रोल रूमच्या युजरला फक्त वाचण्याची परवानगी ठेवली. दहा मिनिटांचं काम. मग साहेबांच्या केबिनमध्ये, सगळ्यांसमोर, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही हे वेळेवर लक्षात आणून दिलंत, त्याबद्दल आभारी आहे."

तुम्ही.

साहेब माझ्यावर खूश होते. "बघा, आमच्या मॅडमनी पकडलं," असं ते त्या दिवशी तिघांना म्हणाले. जे वाक्य ऐकायला मी तडफडत होते ते आलं, आणि मला ते ऐकवेना. आयटीवाला मात्र जाताना माझ्या टेबलाशी थांबला. "मॅडम, बरं केलंत. पण मेल मी आज सकाळी बघितला. फोन केला असतात तर मी कालच पाच मिनिटांत फायरवॉलवर थांबवलं असतं. पूर्ण रात्र उघडं राहिलं ते."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी धोक्याबद्दल मेल लिहिला होता आणि धोका रात्रभर तसाच ठेवून घरी जाऊन जेवले होते.

त्या रविवारी मी गिरगावला गेले. कळवलं नव्हतं. तिचे आई-वडील आता नाहीत, ती एकटीच असते. तिने दार उघडलं आणि म्हणाली, "या."

"मी फोन करायला हवा होता," मी दारातच म्हटलं.

"हो."

"तुझा अहवाल वाचला. त्यात माझं नाव नव्हतं."

"त्यात कुणाचंच नाव नव्हतं. माझंसुद्धा नाही. कंपनीचं होतं. तू नीट वाचलंस का?"

मी नीट वाचलं नव्हतं. चौथं आणि सातवं पान वाचलं होतं.

"चूक माझी होती," ती म्हणाली. "ते उघडं ठेवणं ही साधी चूक नाही, मला कळतं. पण तो मेल आमच्या साहेबांनी सगळ्या टीमला पाठवला. पुढच्या महिन्यात बडोद्याचं काम होतं, मोठं. ते दुसऱ्याला दिलं."

मी म्हटलं, "मला तुझा फार हेवा वाटतो. कॉलेजपासून."

"माहितीये," ती म्हणाली. "तुला वाटतं मला कळत नाही? थालीपीठ खाताना तू गप्प व्हायचीस. मी मुद्दाम जास्त सांगायची. मला ते बघायला आवडायचं."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिलो, तिने चहा टाकला, आणि साखरेचा डबा शोधताना सवयीने म्हणाली, "तुला कमीच ना?" बाहेर वाडीतल्या कुठल्यातरी लाकडी जिन्यावरून कुणी धावत उतरलं. आम्ही कामाबद्दल आणखी काही बोललो नाही.

मैत्री पूर्वीसारखी झाली असं नाही. बरीच सावध झाली. पण मला प्रमाणपत्रांबद्दल अडलं की मी तिला विचारते, आणि ती लगेच सांगते. आता नव्या मशीनला विश्वासाच्या यादीत टाकायचं की नाही हे मी ठरवते. प्रमाणपत्रांच्या मुदती कधी संपतात त्याची यादी माझ्या टेबलावर चिकटवलेली आहे, कारण एक जरी विसरलं तर पडदा पुन्हा मरेल. पण घरी फोन येत नाहीत. काही बिघडलं तर नोंदवहीत कारण लिहिलेलं असतं, आणि ते कुणीही वाचू शकतं. काकांनी एकदा माझ्याशिवाय ते वाचून दुरुस्तही केलं. निवृत्त होताना ते सगळ्यांना हेच सांगत होते.

यंदा चिलर एक बदलला. नव्याच्या कंट्रोलरच्या आतच यूए आहे, मध्ये कुठलं मशीन नाही, गेटवे नाही. तो मी एकटीने जोडला. सुरक्षा शून्य असलेली वाट आधी बंद केली आणि मगच पुढचं सगळं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. सिंगापूरला जातेय, तिथल्या कामाची प्रमुख म्हणून. मी म्हटलं, "अभिनंदन." ती म्हणाली, "मनापासून?"

"बऱ्यापैकी," मी म्हटलं.

ती खूप वेळ हसली. मग मी फोन ठेवला, आणि उरलेला दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही.